धुक्यातलं घर आणि रेंडरमधली खोली

डोंगरउतारावरच्या बंगल्याचं पहाटेचं रेंडर हा आज वास्तु-व्हिज्युअलायझेशनचा ठरलेला प्रकार झाला आहे. घर बांधून होण्याआधीच लोणावळा-महाबळेश्वरच्या जाहिरातींतून ते धुक्यात उभं दिसतं. दगड, लाकूड, काच यांचे पोत आता इतके चांगले जमतात की त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. फसतं ते धुकं. घर आणि मागची डोंगररांग यांच्यामध्ये हवा आहे असं वाटतच नाही. कापलेले कागद एकामागे एक लावावेत तसे डोंगर दिसतात.

कारण साधं आहे. बहुतेक जण धुकं अंतराच्या सम प्रमाणात वाढवतात. पहिली रांग थोडी फिकी, दुसरी त्याहून फिकी, आणि प्रत्येक पायरी सारखी. खऱ्या हवेत धूसरपणा सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि पुढे मंदावतो. सूत्र छोटं आहे: `1 - exp(-σd)`. यात d म्हणजे अंतर. दृश्यमानतेच्या मीटरांनी ३.९१२ ला भागलं की σ मिळतो.

एक चौकट घेऊन पाहू. घर ४० मीटरवर, मागची झाडं १२० वर, आणि डोंगराच्या तीन रांगा ६००, १५०० आणि ४००० मीटरवर. दृश्यमानता २ किलोमीटर धरली तर घराचा ९२ टक्के उठाव शिल्लक राहतो, झाडांचा ७९, पहिल्या रांगेचा ३१ आणि दुसरीचा जेमतेम ५. तिसरी रांग दिसायलाच नको. ब्लेंडरच्या `Mist` पासमध्ये शून्यापासून ४००० मीटरपर्यंतची मर्यादा देऊन `Linear` निवडलं, तर ६०० मीटरवर फक्त १५ टक्के धुकं येतं. मूळ सेटिंग `Quadratic` असतं, त्यात तर सुमारे २ टक्केच. हवं होतं ६९ टक्के. जिथे खोली घडायची तिथेच चित्र कोरडं राहतं.

मग तिन्ही रांगा दिसणारी सकाळ खोटी का? नाही, पण तिच्यासाठी दोन वेगवेगळ्या हवा लागतात. सगळीकडे विरळ धूसरपणा, समजा १५ किलोमीटर दृश्यमानतेचा. त्यात त्याच तीन रांगा अनुक्रमे ८६, ६८ आणि ३५ टक्के उठावाने उरतात. दाट धुकं मात्र दरीत कोंडलेलं हवं. दोघांचा रंगही वेगळा. धुक्याचे थेंब मोठे असल्याने ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि पांढरे दिसतात. धूसर हवेतले बारीक कण निळा जास्त विखुरतात, म्हणून दूरच्या सावल्या निळसर होतात. एकच राखाडी पडदा सगळ्या चित्रावर ओढला की हा फरक मरतो, आणि माझ्या मते आजच्या कामातला हा सर्वांत मोठा दोष आहे.

धुकं कुठे बसतं, याकडेही फारसं कुणी पाहत नाही. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री थंड झालेली हवा उतारावरून खाली वाहते आणि धुकं दरीच्या तळाशी साचतं. उतारावरचं घर बऱ्याचदा त्याच्या वर, स्वच्छ उन्हात असतं. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जे घराला वेढतं तो खरं तर टेकलेला ढग. त्यात उन्हाची तिरीप आणि लांब सावल्या येणार कुठून? तरी हिरवेगार उतार, घराभोवती गच्च धुकं आणि सोनेरी ऊन एकाच चौकटीत कोंबलेलं सर्रास दिसतं. पाऊस ओसरल्यावरच्या ऑक्टोबरात हिरवळ, कोवळं ऊन आणि दरीतलं धुकं खरोखर एकत्र भेटतात. चित्रकाराने तो महिना निवडावा, आणि धुकं घराच्या जोत्याखाली ठेवावं.

तंत्राची निवडही प्रसंगावर ठरते. अंतराच्या पासवरून नंतर चढवलेलं धुकं झटपट होतं, पण ते फक्त झाकतं. खिडकीतल्या दिव्याभोवती प्रभा येत नाही, झाडामागून किरण येत नाहीत, आणि काचेतलं प्रतिबिंब दूरच्या डोंगराचं असलं तरी त्याला काचेपर्यंतचंच अंतर लागतं. तेव्हा पहाटे दिवे लागलेले असतील तर खरा व्हॉल्यूमच हवा. तो `World` ला न जोडता दरीएवढ्या बंद ठोकळ्यात ठेवावा, नाहीतर अनंत धुक्यातून येताना सूर्यच विझतो. `Anisotropy` शून्यावर सोडू नये. थेंब प्रकाश मुख्यतः पुढे ढकलतात, म्हणून ०.७ ते ०.९ ठेवलं की सूर्याकडचं धुकं उजळतं आणि पाठीमागचं मवाळ राहतं.

तपासणी सोपी आहे. टोन मॅपिंगच्या आधीची फाईल घ्यावी आणि प्रत्येक रांगेतल्या सर्वांत गडद जागेची उजळता मोजावी. आकडे अंतराच्या सम प्रमाणात चढत असतील तर हवा चुकली आहे. सर्वांत दूरची रांग तिच्या मागच्या आकाशापेक्षा उजळ निघाली, तर धुक्याचा रंग आकाशाशी न जुळवता नुसताच पांढरा निवडलेला असण्याची शक्यता मोठी.