जनगणना पुस्तिकेतील दुपानी तक्त्याची जोडणी : एक चिकित्सा

ग्रामीण समाजाच्या अभ्यासासाठी 1961 आणि 1971 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतील गाववार तक्ते संगणकावर उतरविले जातात. हे तक्ते समोरासमोरील दोन पानांवर विभागलेले आढळतात. डाव्या पानावर गावाचे नाव व लोकसंख्या, तर उजव्या पानावर काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग आणि काम न करणारे असे स्तंभ येतात. स्कॅन केलेल्या रुंद प्रतिमेत हे दोन भाग शेजारी दिसतात. त्यांची जोडणी सामान्यतः ओळींच्या क्रमाने केली जाते. ही पद्धती चिकित्सेस पात्र आहे.

प्रथम शीर्षके पाहणे अगत्याचे असते. दोन्ही भागांत तीच शीर्षके पुन्हा आली असतील तर उजवा भाग डाव्याच्या खाली जोडावा लागतो. स्तंभक्रमांक पुढे चालू राहिले असतील तर तो डाव्याच्या शेजारी जोडावा लागतो. प्रस्तुत तक्ते दुसऱ्या प्रकारचे होत.

येथे खरी अडचण ओसाड गावांमुळे उद्भवते. डावीकडे अशा गावाचे नाव छापलेले असते, परंतु उजवीकडील ओळ रिकामी असते. अक्षर ओळखणारी संगणक प्रणाली रिकामी ओळ गाळते आणि त्याखालील सर्व आकडे एक घर वर सरकतात. उदाहरणादाखल, समजा पहिल्या गावात 212 पुरुष, दुसरे गाव ओसाड, तिसऱ्यात 187 व चौथ्यात 143 पुरुष आहेत. उजवीकडे काम करणारे व न करणारे पुरुष अनुक्रमे 128 व 84, 101 व 86, 79 व 64 आहेत. ओळीने जोडल्यास 101 व 86 हे आकडे ओसाड गावाच्या नावे पडतात आणि तिसऱ्या गावाच्या वाट्याला 79 व 64 येतात.

स्तंभाची बेरीज छापील एकूण संख्येशी पडताळून ही चूक सापडत नाही, कारण आकडे सरकले तरी बेरीज बदलत नाही. ओळींची संख्याही फसवी ठरू शकते. उजवीकडील एखादे उपशीर्षक ओळ म्हणून वाचले गेले की ती पुन्हा जुळते. म्हणून दोन्ही भागांना जोडणारी कसोटी हवी. काम करणारे आणि न करणारे यांची बेरीज डावीकडील लोकसंख्येइतकी असली पाहिजे. ही कसोटी स्त्री व पुरुष यांना स्वतंत्रपणे लावावी. वरील उदाहरणात पहिली ओळ जुळते व दुसऱ्या ओळीपासून सलग विसंगती दिसते. विसंगतीचा आरंभ हेच गळालेल्या ओळीचे स्थान होय. एकच ओळ जुळत नसेल, तर मात्र अंक चुकीचा वाचला गेल्याची अथवा मूळ मुद्रणदोषाची शक्यता असते. तेथे मूळ प्रतिमा पाहावी. मुद्रणदोष असल्यास छापील आकडा तसाच ठेवून शेजारी नोंद करावी.

या कसोटीलाही मर्यादा आहे. गावाचे नाव चुकीचे वाचले गेल्यास ती मौन राहते. म्हणून गावाचा अनुक्रमांक प्रतिमेवरून स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते. एवढी पडताळणी नसलेल्या तक्त्यावरून तालुक्याविषयीचे निष्कर्ष कदाचित टिकतील, गावाविषयीचे टिकणार नाहीत.