पत्त्यातली माय

बमरोलीच्या आमच्या घरी गेल्या दिवाळीत भाच्याने एक पान आणले. मायचा एकुलता एक स्टुडिओतला फोटो घेऊन त्याने संगणकावर तिला पत्त्यातली राणी केली होती. भोवती वेलबुट्टीची चौकट, हातात तलवार, डोक्यामागे सूर्य, वरखाली दोन मुखे. पान देखणे होते. मावशीने चष्मा लावून ते पाहिले आणि अहिराणीत एवढेच म्हणाली, “हाई आपली माय नई शे.”

भाचा हिरमुसला. पण मावशीचे म्हणणे खरे होते, आणि ते का खरे होते हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

मूळ फोटो जवळ ठेवून पाहिले तेव्हा पहिला उलगडा झाला. पत्त्यात समतोल हवा म्हणून भाच्याने चेहरा मधोमध उभा कापला होता आणि डावी बाजू आरशातल्यासारखी उलटून उजवीकडे जोडली होती. परिणामी मायला दोन्ही नाकपुड्यांत नथ आली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून उतरला! फोटोत तिचा चेहरा किंचित वळलेला आहे आणि डावी बाजू आपल्या जवळ आहे. ती रुंद बाजूच दुप्पट झाल्याने गाल पसरले. नुसता सबंध फोटो आरशात उलटला असता तरी घोटाळा टळला नसता. पदर उजव्या खांद्यावर गेला असता, आणि आपल्या शेजारणी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतात हे इथे कोणाला सांगायला नको. माय चाळीस वर्षे सुरतेत राहिली, पण पदर तिने डाव्या खांद्यावरच ठेवला.

खेळायच्या पत्त्यातली राणी मुळात आरशातली नसतेच. चौकटची राणी हातात घेऊन पाहा. खालची आकृती म्हणजे वरचीच, अर्धा फेरा फिरवलेली. फिरवल्याने उजवा हात उजवाच राहतो, आरशात मात्र तो डावा होतो. ही दोन मुखे शोभेसाठी आलेली नाहीत. एकमुखी चित्र उलटे आले की खेळणारा ते सरळ करतो आणि समोरच्याला कळते की याच्याकडे चित्र आहे. टॅरोची गोष्ट वेगळी. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथने चितारलेला प्रसिद्ध जोड एकमुखी आहे, कारण तिथे पान उलटे पडले तर त्याचा अर्थही वेगळा लावतात. भाच्याने टॅरोचा सूर्य आणि पत्त्याची दोन मुखे एकत्र केली होती. आधी काय ते एक ठरवायला हवे होते.

आम्ही पत्ता ठरवला. चेहरा अखंड ठेवला, कमरेपर्यंतची आकृती घेतली आणि अर्धा फेरा फिरवून खाली जोडली. आता सावलीने छळले. फोटोत प्रकाश एका बाजूने, वरून येतो. खालच्या मायवर तोच खालून येऊ लागला. सावल्या पुसून चेहरा रेषेत उतरवावा लागला. थोडे साम्य गेले, पण भुवई आणि हनुवटीवरचा तीळ उरला. जोड कुठे लपवायची? पदराचा काठ उजव्या कमरेकडून डाव्या खांद्याकडे तिरपा जातो. तो पानाच्या नेमक्या मध्यातून नेला की फिरवल्यावर स्वतःवरच येऊन बसतो. दोन्ही मायांना एकच काठ पुरला. हे मला सगळ्यात आवडले.

तलवारीचे काय? इथे सावंतवाडीची गंजिफा आठवली. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळत चाललेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत गोल पाने १२०. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यात राजा चेहऱ्यावरून ओळखायचा नसतो. मासा दिसला की मत्स्य, परशू दिसला की परशुराम. खूण चेहऱ्याचे काम करते, म्हणून ती उसनी चालत नाही. माय लूमसाठी घरी कांड्या भरायची. तलवार काढून हातात धोटा दिला. धोटा दोन्ही टोकांना निमुळता, म्हणजे मुळातच पत्त्याच्या घडणीचा.

चौकटीबद्दल थोडे. पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचा. भाच्याची चौकट कडेपासून तीन मिलिमीटर आत होती. कापताना पाते एक मिलिमीटर सरकले की एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार उरतात, म्हणजे दुप्पट. डोळ्याला ते लगेच खुपते. चौकट सहा मिलिमीटर आत घेतली की तीच चूक पाच आणि सात अशी पडते आणि सहज खपून जाते. वेलबुट्टीऐवजी मायच्या लुगड्याच्या काठावरची नक्षी घेतली.

नवे पान मावशीला दाखवले. तिने ते उलटे केले, पुन्हा सुलटे केले, आणि म्हणाली, धोट्यात कांडी कुठे आहे?

भाचा कांडी काढायला बसला आहे.