‘शील्ड एकाच टोकाला अर्थ करा’ : एका सल्ल्याची उलटतपासणी

मापन आणि उपकरणशास्त्राच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटतं: केबलचं शील्ड फक्त एकाच टोकाला अर्थ करावं, नाहीतर ग्राउंड लूप होतो. मीही ते पाठ केलं होतं. आज ते वाक्य कुठे चुकतं हे बघू, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून मी लांज्यात दोन दिवस वाया घालवले.

जागा होती काजू प्रक्रियेचं एक छोटं युनिट. गर वाळवायच्या ड्रायरचा ब्लोअर इन्व्हर्टर ड्राइव्हवर चालतो आणि त्याच्यापासून तीन-चार मीटरवर डबे भरायचा 30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. 10 किलोचं वजन ठेवलं की ब्लोअर बंद असताना 10.000 दिसायचं, चालू असताना 10.040. आकडा नाचत नव्हता, तर सरळ 40 ग्रॅम सरकून स्थिर राहत होता. मालक म्हणाले, “काटाच बिघडलाय, बदलून टाकू.” वायरमनदादांचं मत वेगळं होतं: “अहो, खाली सगळा कातळ. अर्थिंगच लागत नाही इथे.”

दादांच्या म्हणण्यात तथ्य होतं. जांभ्याच्या कातळात, त्यातही उन्हाळ्यात, अर्थ पिटचा रोध कमी ठेवणं अवघड जातं. म्हणून काट्यासाठी कोळसा-मीठ घालून वेगळा खड्डा केला. वाचन तसंच, 40 ग्रॅम पुढे. मग पॅनेलपासून मोटरपर्यंतची 12 मीटरची साधी केबल काढून तांब्याच्या जाळीची शील्डेड केबल टाकली आणि पुस्तकाप्रमाणे शील्ड फक्त पॅनेलकडे जोडलं. आता फरक 35 ग्रॅम. एवढा खर्च करून 5 ग्रॅमच!

चूक कळायला प्रवाह कुठून निघतो आणि कुठे परत जातो हे बघावं लागतं. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आतली डीसी बस साधारण 560 व्होल्टची असते. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, हे 560 व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि प्रत्येक कड सुमारे 100 नॅनोसेकंदांत चढते. म्हणजे मायक्रोसेकंदाला 5600 व्होल्टचा वेग. मोटरचं वाइंडिंग आणि तिची बॉडी यांच्यात, समजा, 1 नॅनोफॅरड कपॅसिटन्स आहे. `i = C·dV/dt` मध्ये घातलं की दर कडेला 5.6 अँपिअरचा क्षणिक झटका येतो. प्रत्यक्षात केबलचा इम्पिडन्स तो कमी करतो, पण काही अँपिअर राहतातच.

हा प्रवाह मोटरच्या बॉडीवर आला. आता त्याला जायचंय कुठे? जमिनीत नाही. तो ड्राइव्हच्या डीसी बसमधून निघाला, तिथेच त्याला परत जायचंय. मोटरपासून पॅनेलपर्यंत जीआय पट्टी होती, तीही 12 मीटर. सरळ वाहकाचं इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला 1 मायक्रोहेन्री धरलं तर 12 मायक्रोहेन्री झाले. `2πfL` काढा: 50 हर्ट्झला सुमारे 4 मिलीओहम, पण 1 मेगाहर्ट्झला 75 ओहम! फॉल्टच्या प्रवाहासाठी जी पट्टी उत्तम, ती या प्रवाहासाठी जवळपास बंद दार आहे. मग तो ब्लोअरच्या लोखंडी चौकटीतून, शेडच्या सांगाड्यातून, काट्याच्या स्टँडवरून वाट काढतो.

आणि काट्याचा जीव केवढा? लोड सेलचा पूर्ण भाराचा सिग्नल 10 मिलिव्होल्टच्या आसपास. 30 किलोवर 5 ग्रॅमचा एक भाग म्हणजे सुमारे 1.7 मायक्रोव्होल्ट, तर 40 ग्रॅम म्हणजे 13 मायक्रोव्होल्ट. “काट्यात लो-पास फिल्टर असतो की, तो मेगाहर्ट्झचा नॉइज थांबवेल,” असं वाटेल. पण अॅम्प्लिफायरच्या इनपुटवरचे सेमिकंडक्टर जंक्शन उच्च वारंवारतेचं थोडं रेक्टिफिकेशन करतात आणि त्यातून डीसी तयार होतो. डीसीला लो-पास फिल्टर अडवत नाही. म्हणून आकडा नाचला नाही, सरकला. असं सरकलेलं वाचन दिसलं तर काटा बिघडला असं लगेच ठरवू नका.

आता सल्ल्याकडे. लोड सेलच्या सिग्नल केबलसाठी ‘एकच टोक’ हे कमी वारंवारतेला बरोबर आहे. तिथे दोन टोकांच्या अर्थमधल्या फरकामुळे शील्डमधून 50 हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि मिलिव्होल्टच्या सिग्नलला त्रास देतो. मोटर केबलच्या शील्डचं काम मात्र उलटं आहे. तिने बाहेरचा नॉइज रोखायचा नाही, तर मोटरच्या बॉडीवर आलेला प्रवाह ड्राइव्हपर्यंत परत न्यायचा आहे. मोटरकडचं टोक सुटं ठेवलं तर तो शील्डमध्ये शिरणारच कसा? पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, पण ते कोणत्या केबलबद्दल आहे हे सांगायचं राहून जातं. ड्राइव्ह बनवणाऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही टोकं जोडा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आम्हीच ते वाचत नाही.

मोटरकडे धातूच्या ग्लँडने शील्ड चारी बाजूंनी बॉडीला टेकवलं. फरक 35 वरून 10 ग्रॅमवर आला. उरलेला पॅनेलमध्ये होता: मी जाळी पिळून 10 सेंटिमीटरची शेपटी करून अर्थ बारला जोडली होती. ती शेपटी साधारण 0.1 मायक्रोहेन्री, म्हणजे 10 मेगाहर्ट्झला 6 ओहम. ती कापली, रंग खरवडून ड्राइव्हच्या माउंटिंग प्लेटवर क्लॅम्पने जाळी पूर्ण परिघात दाबली. वाचन 10.000.

वेगळ्या खड्ड्याबद्दलही बोललं पाहिजे. भारतीय मानक आयएस 3043 अर्थिंगबद्दल आहे, पण खड्ड्याचा रोध बघताना आपण सुरक्षिततेचा आणि पॉवर फ्रीक्वेन्सीचा विचार करत असतो. नॉइजचं उत्तर त्यात शोधणं ही आपली चूक. उलट मुख्य अर्थला न जोडलेला ‘स्वच्छ’ खड्डा धोक्याचा आहे. मे महिन्यात कोकणात वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये मोठा व्होल्टेज फरक येतो आणि तो काट्याच्या आतून वाट काढतो. आम्ही तो खड्डा शेवटी मुख्य अर्थ बारला जोडला.

याच्याही मर्यादा आहेत. शील्ड म्हणजे संरक्षक अर्थ नव्हे, त्यामुळे अर्थची वेगळी कोअर हवीच. शील्डेड केबल लांब असेल तर तिचं कपॅसिटन्स वाढतं आणि छोटा ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होऊ शकतो, म्हणून मॅन्युअलमधली कमाल लांबी पाळा. कॅरियर फ्रीक्वेन्सी 8 वरून 2 किलोहर्ट्झ केली की कडांची संख्या घटते आणि त्रास कमी होतो, पण प्रत्येक कड तेवढीच तीव्र राहते आणि मोटर जोरात गुणगुणते.

तुम्ही असं काम करणार असाल तर एक चाचणी आधी करा. उच्च वारंवारतेचा करंट प्रोब ऑसिलोस्कोपला जोडून तिन्ही फेज, अर्थ कोअर आणि शील्ड अशा संपूर्ण केबलभोवती लावा (साधा क्लॅम्प मीटर इथे आंधळा असतो). जेवढा प्रवाह दिसेल, तेवढा केबल सोडून दुसऱ्या वाटेने परत जातोय. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर खड्डा खणायची वेळच आली नसती. आणि कोणताही पेपर वाचताना केबलची लांबी, शील्ड दोन्ही टोकांना कसं जोडलं आणि कॅरियर फ्रीक्वेन्सी किती, या तीन गोष्टी शोधा. त्या दिलेल्या नसतील तर ‘शील्डेड केबलने नॉइज इतका कमी झाला’ हा आकडा तुमच्या प्रबंधात घेऊ नका.