बैल एकाचा, रील सगळ्यांची



तुमच्यापैकी काहींनी सेमिनारसाठी 'सहभागाची संस्कृती' हा विषय घेतलाय. तुमचे कच्चे खर्डे आम्ही वाचले. बहुतेकांत हेन्री जेन्किन्स आहे, स्टार ट्रेक आहे, हॅरी पॉटर आहे. शहापूर नाही, मुरबाडही नाही. आणि वर्गाबाहेर पडलात की मोबाईलवर पाहता काय? बैलगाडा शर्यत! म्हणून आज आम्ही जेन्किन्सला जरा शर्यतीच्या मैदानात उभा करून बघणार आहोत. तिथं त्याचं कुठलं म्हणणं टिकतं आणि कुठलं टिकत नाही, एवढंच पाहू.

जेन्किन्सचं 'टेक्स्चुअल पोचर्स' हे पुस्तक 1992 चं. पोचर म्हणजे दुसऱ्याच्या राखीव रानात शिरून शिकार करणारा. ही प्रतिमा त्यानं मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताकडून घेतली. त्याचा मुद्दा असा की मालिका कंपनीच्या मालकीची असते, पण चाहते नुसते बघत बसत नाहीत. त्यातली पात्रं उचलतात, त्यांच्या नव्या गोष्टी लिहितात, चित्रं काढतात, एकमेकांना वाटतात. म्हणजे रान कंपनीचं आणि शिकार चाहत्यांची. तुम्ही सगळ्यांनी हे नीट मांडलंय. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे चाहत्याच्या आधी रान तिथं असतंच.

आता आपल्याकडे या. जुन्नर-आंबेगावच्या घाटात एकेक गाडा घड्याळाशी पळतो. आपल्या ठाणे-रायगडकडे जास्त गाजते ती बिनजोड. दोन छकडे शेजारी शेजारी सुटतात, मिनिटभरात निकाल लागतो. सगळा जीव शेवटच्या रेषेवर असतो, कुणाच्या बैलाचं तोंड पुढं आलं यावर. मोबाईलच्या छोट्या चित्रफितीला याहून सोयीचा खेळ तुम्ही शोधून दाखवा!

एक चित्रफीत कशी तयार होते, ते आम्ही मुरबाडच्या बाजूला एका मैदानावर दिवसभर बसून पाहिलं. भातकापणी झालेली, माळ मोकळा. एक मुलगा रेषेजवळ पिकअपच्या टपावर उभा. त्याच्याकडे ना बैल, ना जमीन. गाडे आले, त्यानं टिपले. तिथंच बसून शेवटचा भाग संथ केला, मागं गाणं लावलं, वर बैलाचं नाव आणि गावाचं नाव टाकलं, कोपऱ्यात स्वतःचं चिन्ह चिकटवलं. रेंज नव्हती, म्हणून रस्त्यापर्यंत जाऊन पाठवलं. संध्याकाळी तीच फीत दुसऱ्या गावातल्या पोरांच्या स्टेटसला दिसली. फरक एवढाच, की कोपरा कापलेला होता आणि चिन्ह दुसऱ्याचं होतं. हा मुलगा काय म्हणाला? "सर, चोरली तर चोरली. बैल गाजला ना!"

या एका वाक्यावर तुमचा निबंध उभा राहू शकतो. कारण बैल आधी गाजलेला नव्हता, तो या फितींनी गाजवला. इथं रान आधी नसतं, चाहतेच ते लावतात. मालिका कुणीतरी लिहिलेली असते. बैल मात्र नुसता पळतो. त्याचा स्वभाव, त्याचं वैर, 'अमक्याला हरवून आला' ही कहाणी, हे सगळं पोरं रचतात. आज बकासुर, मथुर ही नावं एकही शर्यत न पाहिलेल्या माणसालाही माहीत असतात, ती अशीच.

हे अगदी नवं आहे का? नाही. म्हशाच्या जत्रेत पौषात बैलबाजार भरतो, तिथं बैलाची कीर्ती पूर्वीपासून तोंडोतोंडी फिरते आणि त्या कीर्तीवर भाव ठरतो. पण ती सांगणारा समोर उभा असायचा, त्याला चार उलटे प्रश्न विचारता यायचे. मग 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. परवानगी मिळाली 16 डिसेंबर 2021 ला आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदाही वैध ठरवला. मधल्या साताठ वर्षांत काय झालं? स्वस्त इंटरनेट आलं. शर्यत परतली तेव्हा काठावरच्या प्रत्येक हातात कॅमेरा होता. सांगणारा समोरून गेला आणि फीत आली. फितीला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून जुनी शर्यत कालची म्हणून फिरते. ओळखायची कशी? मागचा माळ बघा. हंगाम कापणीनंतरचा, आणि मागं हिरवंगार गवत दिसत असेल तर शंका घ्या. मागचा फलक वाचा. बैलाची शिंगं आणि अंगावरचा रंग त्याच दिवशीच्या दुसऱ्या फितीशी ताडून पाहा. निकालाचा वाद असेल तर एका कोनावर विश्वास ठेवू नका. रेषेच्या बाजूनं, तिरकं उभं राहून घेतलेल्या चित्रणात मागचा बैलही पुढं दिसतो.

आता आमचा खरा आक्षेप. एका खर्ड्यात वाक्य आहे, की रीलमुळे शर्यतीची लोकशाही झाली. जेन्किन्सनं पुढं 2006 मध्ये सहभागाच्या संस्कृतीची लक्षणं सांगितली. व्यक्त व्हायला अडसर कमी, एकमेकांकडून शिकणं, आपल्या कामाला किंमत आहे अशी भावना. आपल्या पोरांना ती तंतोतंत लागू पडतात. संथ गती कशी करायची हे मोठा मुलगा लहानाला शिकवतो, हे आम्ही स्वतः पाहिलंय. पण 'किंमत आहे अशी भावना' वेगळी आणि किंमत वेगळी. बैल गाजला की त्याचा भाव वाढतो, तो मालकाच्या खिशात जातो. जाहिरातीचा पैसा आधी कंपनीकडे जातो. तुम्ही शहापूरची माणसं आहात, तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. भातसा, तानसा आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच पाड्यांवर!

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. फितीत काय आलं हे तुम्ही लिहिलंत, काय कापलं हे कुणीच लिहिलं नाही. त्या दिवशी एक बैल रेषेपुढं जाऊन गुडघ्यावर बसला. तीन-चार मोबाईल त्याच्याकडे वळलेले आम्ही पाहिले. संध्याकाळी एकाही फितीत ते नव्हतं. शर्यत कायदेशीर झाली ती बैलाला त्रास होऊ देणार नाही या अटीवर, आणि चाहत्यांनी स्वतःच नियम केला, की बैलाचं नाव खराब करायचं नाही. तो कुणी लादलेला नाही, प्रेमातून आलाय. पण त्याच प्रेमानं पुरावा पुसला जातो. तसंच पहाटे शेण काढणारी, पाणी पाजणारी घरातली बाई. तिच्याशिवाय बैल उभा राहत नाही आणि रीलमध्ये ती दिसत नाही. स्टार ट्रेकच्या कथा लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, हे जेन्किन्स वाचताना लक्षात ठेवा आणि मग आपलं मैदान बघा.

तेव्हा निबंधात असं करा. एक शर्यत घ्या. तिच्या सापडतील तेवढ्या फिती गोळा करा. कुठली फीत कुठं सुरू होते आणि कुठं थांबते, ते लिहून काढा. मग मैदानावर हजर असलेल्या चार माणसांना विचारा, त्यानंतर काय झालं? फीत थांबते ती जागा आणि माणसं सांगतात ती जागा, या दोहोंमध्ये जे उरतं तो तुमचा विषय.

पिकअपवरच्या त्या मुलाला आम्ही विचारलं होतं, बसलेल्या बैलाचं का नाही टाकलं? तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "घेतलंय सर. मोबाईलमध्ये आहे. टाकवत नाही." आम्हाला तो अपराधी वाटला नाही. पण सहभाग कशाला म्हणायचं याचं उत्तर त्या न टाकलेल्या फितीत आहे, टाकलेल्या शंभर फितींत नाही, असं आमचं मत आहे. ते खोडून दाखवलंत तर आम्हाला आनंदच होईल.