लघुप्रबंधातील संशोधनपद्धतीचे प्रकरण : वावर परिसरातील कुपोषणाच्या अभ्यासाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पदव्युत्तर व एम.फिल. पातळीवरील लघुप्रबंधांमध्ये 'संशोधनपद्धती' हे प्रकरण बहुधा सर्वांत आधी लिहून होते आणि सर्वांत कमी वाचले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. तरीही लघुप्रबंधाची परंपरा पदव्युत्तर संशोधन-प्रकल्पाच्या रूपाने महाविद्यालयांत चालू आहे आणि या प्रकरणाचा साचाही तसाच चालत आला आहे. संशोधनाच्या व्याख्या, प्राथमिक व दुय्यम साधने, 'सोयीस्कर नमुना निवड पद्धतीचा अवलंब केला आहे' असे एक वाक्य आणि शेवटी 'वेळ, पैसा व मनुष्यबळ यांच्या मर्यादा' हा परिच्छेद, असे त्याचे स्वरूप असते. हा परिच्छेद उचलून दुसऱ्या कोणत्याही प्रबंधात ठेवला तरी चालतो, यातच त्याचा दोष दिसून येतो. प्रस्तुत लेखात जव्हार-मोखाडा परिसरातील बालकांच्या कुपोषणावरील एका लघुप्रबंधाची कल्पना करून या प्रकरणात काय लिहिले जावे, याचा विचार केला आहे. उदाहरणातील नमुन्याचे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

गावाची निवड

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ मधील बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात गेले. कुपोषणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वावर आठवणे स्वाभाविक आहे. मात्र प्रकरणात या निवडीचे समर्थन साधारणपणे 'हे गाव कुपोषणासाठी प्रसिद्ध असल्याने' असे केले जाते. येथेच पहिली अडचण उभी राहते.

एखादे गाव एका अत्यंत वाईट वर्षामुळे निवडले असेल, तर पुढील कोणत्याही वर्षी तेथील स्थिती त्या वर्षापेक्षा बरी दिसण्याचीच शक्यता अधिक असते. त्या वर्षीच्या आकड्यात कायमच्या दारिद्र्याबरोबर साथ, पाऊस, रस्ता तुटणे अशा योगायोगाच्या गोष्टीही मिसळलेल्या असतात आणि त्या दरवर्षी एकत्र येत नाहीत. त्यामुळे 'तेव्हा आणि आता' अशी तुलना करून योजनांचे यश मांडणारा प्रबंध वस्तुतः निवडीच्या पद्धतीचेच फळ यश म्हणून मांडत असतो. लहान लोकसंख्येत तर ही शक्यता फारच वाढते. वर्षाला साठ जन्म होणाऱ्या समूहात एक अर्भक दगावले तर अर्भकमृत्युदर हजारी सुमारे सतरा येतो आणि दोन दगावली तर तेहतीस. एका मृत्यूने दर दुप्पट होत असेल, तर त्या दरावरून कल सांगता येत नाही. शिवाय मृत्यूंच्या नोंदी पूर्ण असतात असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची शासकीय नोंद प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी असल्याचे दाखवून दिले होते.

जुन्या व नव्या आकड्यांच्या तुलनेत आणखी एक अडथळा आहे. अंगणवाड्यांमध्ये पूर्वी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची पहिली ते चौथी अशी श्रेणी वापरली जाई. २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढमानके स्वीकारली गेली. मोजपट्टीच बदलली असल्याने जुनी 'तिसरी-चौथी श्रेणी' आणि आजचे 'तीव्र कमी वजन' हे शेजारच्या दोन रकान्यांत ठेवता येत नाहीत.

यावरून वावर निवडूच नये असे ठरत नाही. निवड हेतुपूर्वक केली आहे असे स्पष्ट लिहावे, आणि मग संशोधनप्रश्नही त्या निवडीला पेलेल असा घ्यावा. कुपोषणाचे प्रमाण किती, हा प्रश्न तीन पाड्यांच्या अभ्यासाला झेपत नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीतून कोणती बालके निसटतात आणि का, हा प्रश्न मात्र झेपतो. पहिल्या प्रश्नासाठी संख्या लागते, दुसऱ्यासाठी घरोघर जाऊन चौकशी लागते, आणि एकटा विद्यार्थी तीच करू शकतो.

क्षेत्रभेटीचा महिना

जव्हार-मोखाड्यातील अभ्यासात 'माहिती संकलनाचा कालावधी' ही ओळ औपचारिक राहत नाही, कारण निष्कर्ष बहुतांशी तिच्यावर ठरतो. भातकापणी आटोपल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे, अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक या बाजूंना वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. काही शिमग्याला येऊन परत जातात, बाकीची पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत किंवा एप्रिल-मे महिन्यात क्षेत्रावर जातो, म्हणजे नेमका निम्मा पाडा बाहेर असताना. उलट, आषाढ-श्रावणात गेल्यास कुटुंबे सापडतात. परंतु तेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते, आई दिवसभर लावणीवर असते आणि बालकांना जुलाब-तापाचा त्रास अधिक असतो. त्याच मुलाचे वजन दोन हंगामांत वेगळे भरते.

समजा, अंगणवाडीच्या सर्वेक्षण नोंदवहीवरून पाच वर्षांखालील साठ बालकांची यादी तयार केली. मे महिन्यात प्रत्यक्ष भेटीत चाळीसच सापडली, वीस घरांच्या झडपा बंद होत्या. चाळिसांपैकी चौदा बालके कमी वजनाची आढळली. प्रबंधात सहसा 'पस्तीस टक्के बालके कमी वजनाची' असे लिहून विषय संपतो. पण न सापडलेल्या विसांत एकही बालक कमी वजनाचे नसेल, तर साठांपैकी चौदा म्हणजे तेवीस टक्के होतात. सर्वच तसे असतील, तर चौतीस म्हणजे सत्तावन्न टक्के. खरे प्रमाण या दोन टोकांच्या मध्ये आहे, इतकेच हाती आलेली माहिती सांगते. 'पस्तीस टक्के' हा आकडा सापडलेल्या बालकांपुरता खरा आहे, आणि सापडलेली बालके म्हणजे प्रामुख्याने स्थलांतर न केलेल्या कुटुंबांची, ज्यांना घरी थांबणे परवडते अशांची बालके. म्हणून ही दोन्ही टोके प्रकरणात लिहिली पाहिजेत. यासाठी वेगळ्या सांख्यिकीची गरज नाही, न सापडलेल्यांची गणना तेवढी जपून ठेवावी लागते. बहुतेक प्रबंधांत ती नसतेच, कारण बंद घराच्या जागी शेजारचे घर घेऊन साठचा आकडा पुरा केलेला असतो. मर्यादांच्या परिच्छेदात याचा उल्लेख सापडत नाही. यादी नोंदवहीतून घेतली असल्याने नोंदवहीत मुळातच नसलेली बालके या हिशेबातही येत नाहीत, हेही सांगावे लागते.

वय आणि वजन

वजनाचा काटा शून्यावर आणला जातो, वयाबाबत मात्र तशी दक्षता दिसत नाही. घरी जन्मलेल्या किंवा उशिरा नोंद झालेल्या बालकाचे वय आई सांगते ते 'दोन वर्षांचा' असे पूर्ण वर्षांत असते. वयानुसार वजनाच्या निकषात हा ढोबळपणा महाग पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार मुलग्याच्या कमी वजनाची सीमारेषा अठराव्या महिन्यास ८.८ किलो, तर चोविसाव्या महिन्यास ९.७ किलो आहे. ९.२ किलो वजनाचा मुलगा अठरा महिन्यांचा असेल तर सर्वसाधारण गटात जातो आणि दोन वर्षांचा असेल तर कमी वजनाच्या गटात. मूल तेच आणि काटाही तोच, फरक फक्त आईच्या बोलण्यातील एका शब्दाचा.

हा दोष शिरला आहे की नाही, हे पडताळता येते. नोंदवलेल्या वयांची महिनावार मांडणी करावी. बारा, चोवीस, छत्तीस या महिन्यांवर बालकांची गर्दी आणि मधल्या महिन्यांत पोकळी दिसली, तर वये विचारून लिहिली आहेत, ठरवून काढलेली नाहीत, असे समजावे. ती काढण्याची रीत जुनीच आहे. जन्मदाखला किंवा माता-बालक संरक्षण कार्ड असल्यास ते पाहावे, नसल्यास स्थानिक घटनांची दिनदर्शिका करावी. लावणी चालू होती की कापणी, नागली काढली होती का, शिमग्याच्या आधी की नंतर, गावात बोहाडा झाला तेव्हा मूल पोटात होते की पाठीशी, अशा प्रश्नांतून महिना-दोन महिन्यांच्या अंतरापर्यंत पोहोचता येते. किती बालकांचे वय कागदावरून आणि किती बालकांचे दिनदर्शिकेवरून ठरवले, ही दोन संख्यांची नोंद प्रकरणात असावी. जेथे वय पटत नाही तेथे दंडघेर किंवा उंचीनुसार वजन हा पर्याय राहतो. तीव्र कुपोषणासाठी सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत दंडघेराची ११.५ सेंटिमीटरची सीमा वापरली जाते व तिला नेमके वय लागत नाही. मात्र दंडघेर सध्याची कृशता दाखवतो, दीर्घकाळ खुंटलेली वाढ दाखवत नाही. म्हणून एकाच्या जागी दुसरे माप घेतल्यास प्रश्नही बदलतो, याची कबुली आवश्यक आहे.

मुलाखती कोणाच्या मदतीने झाल्या, हेही अनेकदा वगळले जाते. वारली किंवा कातकरी घरात शहरी मराठीतला प्रश्न पोहोचत नाही, म्हणून अंगणवाडी सेविका दुभाषी होते. पोषण आहार नियमित मिळतो का, हा प्रश्न तो आहार वाटणाऱ्या बाईच्याच तोंडून विचारला गेल्यावर येणाऱ्या 'हो'ला किती वजन द्यावयाचे, ते वाचकावर सोडावे. परंतु ती बाई तेथे होती, हे वाचकाला कळले तर पाहिजे.

मर्यादांचे लेखन

मर्यादा म्हणजे संशोधकाच्या गैरसोयी असा समज रूढ आहे. रस्ता कच्चा होता, रजा कमी होती, हे खरे असले तरी वाचकाला त्यापासून निष्कर्षाविषयी काही कळत नाही. प्रत्येक मर्यादेपुढे ती कोणत्या निष्कर्षाला कोणत्या दिशेने ढकलते हे लिहिले, तरच तिला अर्थ येतो. कल्पिलेल्या अभ्यासात हा परिच्छेद साधारण असा होईल :

'अभ्यास मे महिन्यात झाला. यादीतील साठ बालकांपैकी वीस स्थलांतरामुळे भेटली नाहीत, त्यांच्या जागी इतर बालके घेतलेली नाहीत. कमी वजनाचे प्रमाण भेटलेल्या चाळीस बालकांपुरते पस्तीस टक्के आहे आणि सर्व साठ बालकांसाठी ते तेवीस ते सत्तावन्न टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. स्थलांतरित कुटुंबे अधिक गरीब असल्यास पस्तीस हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी ठरेल. अकरा बालकांचे वय घटना-दिनदर्शिकेवरून ठरवले असून त्यांत दोन महिन्यांपर्यंत चूक संभवते. सीमारेषेजवळची तीन बालके त्यामुळे दुसऱ्या गटात जाऊ शकतात. सर्व मुलाखतींत सेविका उपस्थित असल्याने आहारवाटपाविषयीची उत्तरे या प्रबंधात निष्कर्षासाठी वापरलेली नाहीत.'

या परिच्छेदानंतर उपसंहारात 'पालघर जिल्ह्यातील आदिवासी बालकांमध्ये पस्तीस टक्के कुपोषण आढळते' हे वाक्य लिहिता येत नाही. प्रत्यक्षात ते लिहिले जाते, कारण उपसंहार लिहिताना तिसरे प्रकरण कोणी उघडत नाही आणि मौखिक परीक्षेतही ही दोन पाने शेजारी ठेवून क्वचितच पाहिली जातात. मार्गदर्शकाने एवढी तुलना केली, तर बहुतेक वेळा पहिला बदल प्रबंधाच्या शीर्षकातच करावा लागतो. 'पालघर जिल्ह्यातील आदिवासी बालकांचे कुपोषण' याच्या जागी तीन पाड्यांचे नाव, महिना आणि वर्ष येते.