‘पाडण्यात आली’ ते ‘पाडली’

माझ्यासमोर एका विद्यार्थिनीच्या निबंधाचे दोन मसुदे आहेत. ती विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे, मराठीत लिहिते, आणि विषय आहे ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल. पहिल्या मसुद्यातला एक परिच्छेद मी कितीदा वाचला असेन. त्यात एकही विधान चुकीचं नाही, आणि तरीही त्यात काहीच घडत नाही.

> १९८१ साली मुंबईतील पदपथांवरील अतिक्रमणांच्या निर्मूलनाचा निर्णय घेण्यात आला व त्यानुसार निष्कासनाची कारवाई करण्यात आली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१४ मध्ये विनानोटीस निष्कासनाची तरतूद आहे. सदर कारवाईमुळे उपजीविकेच्या हक्काचे उल्लंघन होत असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. उपजीविकेचा हक्क मान्य करण्यात आला. तथापि, सुनावणीची आवश्यकता नसल्याचे नमूद करण्यात येऊन निष्कासनास मान्यता देण्यात आली.

या परिच्छेदात माणसं किती आहेत ते मोजून पाहा. एकही नाही. अतिक्रमणं आहेत, निर्मूलन आहे, कारवाई आहे, पण ज्याची झोपडी गेली तो नाही आणि जिने पाडली ती पालिका कायद्याच्या नावापुरतीच आहे. निर्णय कोणी घेतला, प्रतिपादन कोणी केलं, हक्क कोणी मान्य केला? पाच क्रियापदांना पाचदा ‘कोणी?’ विचारलं तर एकदाही उत्तर येत नाही.

इथे एक गैरसमज आधी बाजूला करायला हवा. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतून उचललेला ‘कर्मणी टाळा’ हा सल्ला मराठीत जसाच्या तसा चालत नाही. ‘पालिकेने झोपडी पाडली’ हे वाक्य शाळेच्या व्याकरणात कर्मणीच आहे. क्रियापद झोपडीच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पण त्यात पालिका ‘ने’ प्रत्यय लावून अगदी पुढे उभी आहे. मराठीचा भूतकाळ सकर्मक क्रियापदाला बहुधा असाच चालवतो, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. लपवण्याचं काम करते ती ‘-ण्यात आले’ ही परिपत्रकी रचना. नुसतं ‘झोपडी पाडली’ असं कोणाला म्हणून बघा, ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणी?’ ‘झोपडी पाडण्यात आली’ असं म्हणा, तो मान हलवून पुढचं ऐकतो. कर्ता गळाला आहे हे त्याच्या कानाला जाणवतच नाही. दोन वाक्यांतला फरक माझ्या मते सगळा या कानाच्या सवयीत आहे.

विद्यार्थिनीने पहिल्याच फेरीत एक घाईची दुरुस्ती केली होती: ‘सरकारने पदपथांवरील झोपड्या पाडल्या.’ वाक्य थेट झालं, वाचायला सोपं झालं, आणि चुकीचं झालं. राज्य सरकार आणि महानगरपालिका या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या संस्था आहेत, त्यांचे अधिकार वेगळ्या ठिकाणांहून येतात. कर्ता गाळलेलं वाक्य वाचकाला अंधारात ठेवतं. खोटा कर्ता बसवलेलं वाक्य त्याला चुकीच्या दारात नेऊन सोडतं. म्हणून ती पुन्हा निकालपत्राकडे गेली, आणि दुसऱ्या मसुद्यात असं लिहून आणलं:

> १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवू. २३ जुलैला पालिकेच्या अधिकाऱ्यांनी एका अर्जदाराची झोपडी पाडली. हा माणूस तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम सुटले म्हणून १९६१ साली मुंबईत आला होता. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको आणि मुली सेलमलाच राहिल्या. तो मात्र काम शोधत मुंबईला परतला आणि पुन्हा पदपथावर राहू लागला.

‘निष्कासनाची कारवाई’ या दोन शब्दांच्या पोटात एवढं सगळं होतं. ‘कारवाई’ हा आपल्या कायदेशीर मराठीतला सर्वांत पोकळ शब्द असावा. झोपडी पाडणं ही कारवाई, सामान उचलून नेणं ही कारवाई, माणसाला बसमध्ये घालणं हीसुद्धा कारवाई. त्या नामाचं क्रियापद करायला बसलं की लेखकाला ठरवावं लागतं की नेमकं काय झालं, आणि ते ठाऊक नसेल तर वाचावं लागतं. मला या मसुद्यात सगळ्यांत आवडतं ते शेवटचं वाक्य. झोपडी पाडल्यापासून ज्याच्यावर सगळं होत होतं तो तिथे पहिल्यांदा स्वतः काही करतो: परततो, राहू लागतो. आणि न्यायालयापुढचा उपजीविकेचा युक्तिवाद तरी दुसरा काय होता? माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ असतं म्हणून. जागा गेली की काम जातं आणि काम गेलं की जगणंच जातं. त्या मजुराच्या परतण्यात हा युक्तिवाद घडून दिसतो, वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चाणाक्ष वाचकाला या परिच्छेदात एक ‘बसवण्यात आले’ खुपलं असेल. ते तिने जाणूनबुजून राहू दिलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. झोपडी पालिकेच्या अधिकाऱ्यांनी पाडली हे निकालपत्र सांगतं. बसमध्ये कोणी बसवलं ते त्या वाक्यात येत नाही. तिथे ‘पालिकेने बसवले’ असं लिहिणं म्हणजे पुराव्याबाहेर जाणं. तिने समासात एवढंच नोंदवलं, ‘कर्ता मूळ वाक्यातच नाही.’ आधीच्या मसुद्यात असं वाक्य सवयीने आलं होतं. इथे ते आजूबाजूच्या थेट वाक्यांमुळे उठून दिसतं, आणि वाचक आपणहून विचारतो की हे कोणी केलं असेल.

आता कलम ३१४. या संपूर्ण दुरुस्तीतला खरा ऐवज मला इथे सापडला. पहिल्या मसुद्यात होतं: ‘कलम ३१४ मध्ये विनानोटीस निष्कासनाची तरतूद आहे.’ दुसऱ्यात आहे: ‘कलम ३१४ प्रमाणे महापालिका आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण हटवू शकतात.’ शब्द जवळजवळ सारखेच, आणि कायदा मात्र पार बदललेला. पहिल्या वाक्याचा वाचक समजतो की नोटीस द्यायचीच नाही असा नियम आहे. दुसऱ्या वाक्यात ‘शकतात’ आलं. शकतात म्हणजे न देता हटवू शकतात, तशी देऊनही हटवू शकतात. निवड आयुक्तांची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी नेमकं हेच म्हटलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात या कलमाचं वाचन असं आहे की ते आयुक्तांना मोकळीक देतं, सक्ती करत नाही; आणि मोकळीक दिली आहे म्हणजे ती वाजवी रीतीने वापरण्याची जबाबदारीही आली. एरवी त्यांनी नोटीस द्यावी, माणसाचं ऐकावं. न ऐकता हटवणं हे अपवादाच्या प्रसंगापुरतं. कलम घटनाबाह्य ठरवावं लागलं नाही ते या वाचनामुळे. म्हणजे निकालाचा एक मोठा खांब ‘शकतात’ या एका शब्दावर उभा आहे, आणि ‘निष्कासनाची तरतूद’ या नामाने तोच शब्द गिळला होता. क्रियापदाचं नाम केलं की कर्ता जातो हे बरेच जण सांगतात. त्याच्याबरोबर ‘शकतो’, ‘पाहिजे’, ‘नये’ हेही जातात, याकडे सहसा लक्ष जात नाही. कायद्याच्या लेखनात तर अधिकार, कर्तव्य आणि मनाई यांच्यातला सगळा भेद याच शब्दांत असतो.

कर्ता जागेवर बसला तशी आणखी एक गोष्ट उघडी पडली. घोषणा केली मुख्यमंत्र्यांनी, आणि कलमाने अधिकार दिला आहे आयुक्तांना. ‘निर्णय घेण्यात आला’ असं लिहिलं तेव्हा हे दोघे एकाच धुक्यात होते. दोन वाक्यं शेजारी आल्याबरोबर विद्यार्थिनीने समासात लिहिलं: ‘आयुक्तांनी निवड स्वतः केली, की घोषणेमागून गेले?’ निबंधाचा पुढचा भाग तिने या प्रश्नावर रचायला घेतला आहे.

‘प्रतिपादन करण्यात आले’ याबद्दल थोडक्यात. खटल्यावरच्या निबंधात हा सर्वांत महागात पडणारा शब्दप्रयोग, कारण अर्जदार म्हणाले की न्यायालय म्हणालं हेच कळत नाही. एक म्हणणं युक्तिवाद असतं, दुसरं कायदा होतं. ‘मान्य’ तर याहून फसवा: मराठीत वकील विरुद्ध बाजूचं म्हणणं मान्य करतो आणि न्यायालयही मान्य करतं. याच खटल्यात अर्जदारांनी आधी मुंबई उच्च न्यायालयात मान्य केलं होतं की पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपल्याला सांगता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती कबुली मूलभूत हक्कांच्या आड येऊ शकत नाही. दोन्हीकडे ‘मान्य करण्यात आले’ लिहिलं की निबंध स्वतःशीच भांडू लागतो. तिने एकीकडे ‘अर्जदारांनी कबूल केले होते’ आणि दुसरीकडे ‘न्यायालयाने ठरवले’ असं लिहिलं, आणि भांडण मिटलं.

सगळी नामं मोडायची नसतात हेही या मसुद्यात दिसतं. ‘उपजीविकेचा हक्क’ तिने तसाच ठेवला आहे. ती कायद्यातली ठरलेली संज्ञा आहे. ‘माणूस पोट भरू शकतो हे’ असं काही करायला गेलं तर वाचकाला हात धरायला काही उरणार नाही. माझी कसोटी साधी आहे: त्या नामाकडे बोट दाखवून ‘हे कोणी केलं?’ असं विचारता येतं का? निष्कासनाबद्दल येतं, हक्काबद्दल येत नाही.

शेवटचं जोडवाक्य ‘नमूद करण्यात येऊन मान्यता देण्यात आली’ हे सोडवताना तिला सर्वांत जास्त वेळ लागला. त्या ‘येऊन’मध्ये दोन निर्णय एकमेकांना चिकटले होते. दुसऱ्या मसुद्यात ते असे सुटे झाले:

> अर्जदार म्हणाले की उपजीविका काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे. न्यायालयाने हे मानले. तरीही न्यायालयाने पालिकेला झोपड्या हटवू दिल्या. मात्र पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबायला सांगितले. हटवण्याआधी आयुक्तांनी एरवी या लोकांचे ऐकून घ्यायचे असते, असे न्यायालयाने म्हटले. पण आम्हीच त्यांचे ऐकले आहे, म्हणून त्यांना पुन्हा आयुक्तांकडे पाठवण्याची गरज नाही, असेही म्हटले. ऐकायचे होते आयुक्तांनी, ऐकले न्यायालयाने.

शेवटच्या वाक्यात एकही विशेषण नाही, टीकेचा एकही शब्द नाही. दोन कर्ते आणि एकच क्रियापद, एकदा ‘होते’ला जोडून, एकदा घडलेलं. पहिल्या मसुद्यात हेच ‘सुनावणीची आवश्यकता नसल्याचे नमूद करण्यात येऊन’ असं होतं, आणि तिथे कोणाला काही खटकलं नसतं. सुनावणी हे नाम कुणाच्याही कानाचं असू शकतं. ‘ऐकले’ म्हटल्यावर कान कोणाचा ते सांगावं लागतं, आणि ते सांगितल्यावर प्रश्न उभा राहतो: अर्जदार आयुक्तांना जे सांगू शकले असते, कोणता पदपथ, किती रुंद, जवळ दुसरी जागा कुठे, तेच त्यांना दिल्लीच्या न्यायालयात सांगता आलं का? तिने मसुदा परत नेताना विचारलं की हे वाक्य जास्त कडक तर होत नाही ना. मी म्हटलं, यातला कोणता शब्द निकालात नाही ते दाखव. तिने वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.