घाटी, गावठी आणि शहाणा : अर्थापकर्षाच्या कोष्टकाविषयी काही विचार

शब्दार्थपरिवर्तनाच्या अभ्यासात अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष अशी दोन सदरे करून त्यांखाली शब्दांच्या याद्या देण्याची पद्धत रूढ आहे. हीन अर्थाचा शब्द वर चढला की तो एका सदरात, चांगला शब्द घसरला की तो दुसऱ्या सदरात. अध्यापनाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यात एक मोठे गृहीत दडलेले आहे. शब्दाला एका वेळी एकच प्रतिष्ठा असते व तीच चढते किंवा उतरते, असे ती मानून चालते. मराठीतील काही अगदी नित्याचे शब्द या गृहीताला जुमानत नाहीत.

ज्या शब्दांना हे कोष्टक खरोखर लागू पडते त्यांचे एक उदाहरण प्रथम पाहणे इष्ट होईल. स्मृतिग्रंथांत 'साहस' हा बळजबरीने केलेल्या अपराधांचा एक वर्ग आहे आणि त्यास दंड सांगितलेला आहे. आजच्या मराठीत साहस हा गुण आहे. येथे उत्कर्ष पुरा झाला, हे ओळखण्याची खूण भाषेनेच ठेवलेली आहे. वाईट अर्थ सांगायचा झाल्यास आता 'दुःसाहस' म्हणावे लागते. मूळ शब्दात निंदा उरली असती तर तिच्यासाठी उपसर्गाची गरज पडली नसती.

आता 'घाटी' हा शब्द घ्यावा. कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनानगरास आलेला रस्ता पुढे कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरतो. या रस्त्यावर 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' हे शब्द मुळात केवळ दिशा सांगतात. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयास लोक सर्रास 'घाटी' म्हणतात आणि त्यात कोणासही कमीपणा वाटत नाही, कारण तेथे तो शब्द स्थळाचा वाचक आहे. परंतु हाच शब्द माणसाला लावला की त्याचा रंग पालटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि सातारा जिल्ह्यातून व एकंदर देशावरून माणसे मजुरीसाठी मुंबईत आली. ओझी वाहणे, घरकाम, गिरणीतील अंगमेहनत ही कामे करणारा तो 'घाटी' असे समीकरण तेथे रूढ झाले. गोव्यात 'घांटी' या रूपाने घाटापलीकडून आलेल्या मजुरास हाच शब्द लावला गेला आणि तेथेही तो हिणवण्याचाच झाला. दोन्ही ठिकाणी दिशावाचक शब्दाचा अपकर्ष झाला तो दिशेमुळे नव्हे. त्या दिशेने येणारा माणूस कोणत्या कामावर आला यामुळे झाला. खुद्द कोयनानगरात घाटी म्हणून कोणी कोणास हिणवू शकत नाही, कारण तेथे सारेच घाटावरचे.

येथवर 'घाटी' अपकर्षाच्या सदरात बसतो. परंतु त्याच मुंबईच्या बाजारात 'घाटी मसाला' नावाने विकला जातो आणि तेथे हे विशेषण गिऱ्हाइकास आकर्षित करते. 'गावठी' या शब्दाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. मनुष्य गावठी म्हणजे असंस्कृत. कोंबडी गावठी म्हणजे अस्सल, आणि म्हणून महाग. दारू गावठी म्हणजे बेकायदा हातभट्टीची. एकाच दिवशी, एकाच वक्त्याच्या तोंडी हा शब्द निंदा, स्तुती आणि गुन्हा अशा तिन्ही गोष्टी सांगतो. त्यास कोणत्या सदरात घालावयाचे? उघडच, प्रतिष्ठा शब्दाला चिकटलेली नसून विशेषण आणि विशेष्य यांच्या जोडीला चिकटलेली आहे. शहराने गावचा पदार्थ आपलासा केला, गावचा माणूस नाही, हा भेद या जोड्या बिनचूक नोंदवतात. म्हणून 'घाटी मसाला' रूढ झाला एवढ्यावरून 'घाटी' शब्दाचे वैगुण्य गेले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

प्रेमाने वापरलेल्या अपशब्दांविषयीही असाच विवेक हवा. 'लबाड', 'कार्टं' हे शब्द मायेने उच्चारले जातात, यावरून त्यांचा उत्कर्ष झाला असे म्हटले जाते. त्यांचा प्रयोग तपासला तर वेगळे दिसते. आई मुलास 'लबाडा!' म्हणते ती संबोधनात, एकवचनी आणि समोरासमोर. तोच शब्द तृतीयपुरुषी विधानात घातला, 'तो दुकानदार लबाड आहे' असे म्हटले, की माया नाहीशी होते. अनेकवचनी 'ते सारे लबाड' यात तर तिचा अंशही राहत नाही. शिवाय ही माया वडिलांकडून धाकट्याकडे किंवा बरोबरीच्यांत वाहते. नातवाने आजोबांस 'लबाडा' म्हटले तर घरात हसे होईल किंवा कानउघाडणी तरी होईल. अर्थ बदललेला नाही; जुना अर्थ शाबूत आहे म्हणूनच त्याचा लटका वापर गोड लागतो. 'लबाड' म्हणजे खरोखरच निर्मळ असा अर्थ झाला असता तर त्यात लाड उरला नसता.

उलट्या दिशेने 'शहाणा' हा शब्द पाहण्यासारखा आहे. 'फार शहाणा आहेस' यातील उपरोध सर्वांस कळतो, तरीही 'शहाणं बाळ' यात शब्द निष्कलंक आहे. घसरण कोठे पक्की झाली, हे साधित रूपांत दिसते. 'शहाणपण' हा गुण राहिला आणि 'शहाणपणा' हा बहुधा आगाऊपणा झाला. 'दीडशहाणा' तर केवळ निंदेसाठीच आहे. 'दादा' या शब्दाचेही तसेच. थोरला भाऊ दादाच राहिला, पण 'दादागिरी'त भावाचा मागमूस नाही. उपरोध बोलण्यात असतो तोवर तो वक्त्याचा. प्रत्ययात गोठला की तो भाषेचा होतो.

कोयनेच्या खोऱ्याने या विषयात स्वतःची अशी एक भर घातली आहे. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणातील चंद्र ग्रस्त, रोगी व्याधिग्रस्त. कोयना धरणाच्या पाण्याखाली गावे गेली तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्यव्यापी कायदा नव्हता. तो १९७६ साली झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने त्याच खोऱ्यास पुन्हा ग्रासले. 'धरणग्रस्त', 'भूकंपग्रस्त' हे शब्द अपशब्द नव्हेत, पण ते दीनतेचे होते. पुढे पुनर्वसनाच्या कायद्यांमुळे आणि शासकीय सेवेतील आरक्षणामुळे 'प्रकल्पग्रस्त' असल्याचा दाखला मिळवण्यासाठी माणसे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागली. गिळला गेल्याची खूण हक्काची खूण झाली. तथापि हा चढही दाखल्यापुरता आहे. अर्जावर अभिमानाने लिहिलेला शब्द सोयरिकीच्या बैठकीत कोणी आपली ओळख म्हणून पुढे करील, असे नाही.

यावरून शब्दांची नोंद करताना तीन गोष्टी विचारणे आवश्यक ठरते : शब्द कोणत्या विशेष्याशी जोडलेला आहे, तो संबोधनात आहे की विधानात, आणि साधित रूपांत कोणता अर्थ स्थिरावला आहे. तिन्हींची उत्तरे एका दिशेची असतील तरच, 'साहस' शब्दाप्रमाणे, त्यास उत्कर्षाच्या किंवा अपकर्षाच्या सदरात घालावे. 'घाटी' शब्दाची उत्तरे अद्याप एका दिशेची नाहीत. शहरातील एखाद्या तरुणाने स्वतःस अभिमानाने घाटी म्हणवून घेतले तरी, दुसऱ्याने तोच शब्द उच्चारल्यावर त्याच्या कपाळावर आठी येते की नाही, हे पाहिल्याखेरीज त्या शब्दाविषयी निर्णय देता येणार नाही.